नोथेरियन मॉड्यूल: सबमॉड्यूल आणि कोशंटचं प्रूफ नेहमी त्याच जागी का फसतं

एम.एस्सी.ला मॉड्यूल सुरू झाले की हा प्रश्न येतोच: M नोथेरियन असेल तर त्याचं प्रत्येक सबमॉड्यूल N आणि प्रत्येक कोशंट M/N पण नोथेरियन आहे हे सिद्ध करा. सेट-नेटच्या तयारीत तो परत येतो, फक्त खरं-खोटं सांगा अशा रूपात. आणि दर वेळी उत्तर म्हणून साधारण हेच लिहून येतं:

```
M नोथेरियन आहे, म्हणून M फायनाइटली जनरेटेड आहे.
N हे M चं सबमॉड्यूल आहे, म्हणून N पण फायनाइटली जनरेटेड आहे.
म्हणून N नोथेरियन आहे.
```

वाचायला एकदम बरोबर वाटतं ना? पहिली ओळ बरोबर आहेच. दुसऱ्या ओळीत शेवटी जे म्हटलंय ते पण खरं आहे, पण त्याला दिलेलं कारण चूक आहे, आणि तिसरी ओळ तर आधीच्या दोन ओळींवरून निघतच नाही. तुमच्या वहीत असं काही लिहिलेलं असेल आणि त्यावर लाल शाईने फक्त "का?" लिहून आलं असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

चूक पकडली का जात नाही

याचं मुख्य कारण असं की "फायनाइटली जनरेटेड मॉड्यूलचं सबमॉड्यूल फायनाइटली जनरेटेड असतं" हे वाक्य तुम्ही आजवर बघितलेल्या जवळजवळ प्रत्येक उदाहरणात खरं ठरलेलं असतं. व्हेक्टर स्पेस घ्या, खरं. फायनाइटली जनरेटेड अबेलियन ग्रुप घ्या म्हणजे Z वरचे मॉड्यूल, खरं. k फील्ड असेल तर k[x] वरचे मॉड्यूल, तिथेही खरं. मग डोक्यात ते नियम म्हणून बसतं आणि कुणी विचारलं तर आपण म्हणतो की हे तर उघडच आहे. पण या सगळ्या ठिकाणी ते खरं आहे कारण खालची रिंगच नोथेरियन आहे, आणि रिंग नोथेरियन असली की तिच्यावरचं प्रत्येक फायनाइटली जनरेटेड मॉड्यूल नोथेरियन असतं हे प्रमेय आपण ज्या विधानाचं प्रूफ देतोय त्याच्याच जोरावर उभं आहे. म्हणजे ते इथे वापरलं की गोल गोल फिरणं झालं.

जिथे ते मोडतं ते उदाहरण एकदा नीट बघून ठेवा. R = k[x1, x2, x3, ...] अशी अनंत व्हेरिएबलची पॉलिनॉमियल रिंग घ्या, आणि M म्हणून R स्वतःच घ्या. हे मॉड्यूल एका जनरेटरचं आहे, 1 घेतला की झालं, याहून फायनाइट काय असणार. आता त्यातलं I = (x1, x2, x3, ...) हे आयडियल बघा, म्हणजे ज्यांची कॉन्स्टंट टर्म शून्य आहे अशी सगळी पॉलिनॉमियल. समजा कुणी म्हणालं की I ला f1, ..., fr एवढे जनरेटर पुरतात. हे r पॉलिनॉमियल मिळून व्हेरिएबल तर मोजकेच वापरणार, समजा x1 पासून xn पर्यंतचेच. आता x(n+1) हे I मध्ये आहे म्हणून ते f1, ..., fr यांना R मधल्या कोएफिशियंटनी गुणून केलेल्या बेरजेसारखं लिहिता आलं पाहिजे. त्या समीकरणात x1 = x2 = ... = xn = 0 घाला. प्रत्येक f शून्य होतो, कारण कॉन्स्टंट टर्म आधीच शून्य होती आणि बाकीचे व्हेरिएबल आपण शून्य केले. उजवीकडे शून्य उरलं आणि डावीकडे x(n+1) तसंच आहे, म्हणजे बोंब. तर I फायनाइटली जनरेटेड नाही.

वरच्या तीन ओळींचं प्रूफ या R ला लावून बघा. M फायनाइटली जनरेटेड आहे, I सबमॉड्यूल आहे, आणि दुसरी ओळ धडधडीत खोटी पडते. तुमच्या प्रूफमधली एखादी ओळ शंकास्पद वाटली की या उदाहरणावर चालवून बघायची ही चाचणी मला सगळ्यात उपयोगी वाटते, कारण इथे फायनाइटली जनरेटेड आणि नोथेरियन हे दोन शब्द वेगळे पडतात आणि Z किंवा k[x] वर ते कधीच वेगळे पडत नाहीत.

आधी व्याख्या एक धरा आणि ती सोडू नका

नोथेरियनच्या दोन व्याख्या चालतात. एक: M च्या सबमॉड्यूलची वाढत जाणारी कुठलीही चेन K1 ⊆ K2 ⊆ K3 ⊆ ... एका जागी थांबते, म्हणजे एका n नंतर सगळे सारखेच. दोन: M चं प्रत्येक सबमॉड्यूल, स्वतः M धरून, फायनाइटली जनरेटेड आहे. "प्रत्येक" हा शब्द खाऊन टाकला की वरचं तीन ओळींचं प्रूफ तयार होतं, बाकी काही नाही.

दोन्ही सारख्याच आहेत हे पटकन बघून घेऊ. दुसरी धरली तर चेनमधल्या सगळ्या Ki चं युनियन घ्या, चेन असल्यामुळे ते सबमॉड्यूल होतं (एरवी युनियन सबमॉड्यूल होत नाही, हे विसरू नका), त्याला मोजके जनरेटर आहेत, प्रत्येक जनरेटर कुठल्या ना कुठल्या Ki मध्ये आहे, त्यातला सगळ्यात पुढचा i घेतला की तिथे सगळे जनरेटर जमले आणि चेन तिथेच थांबली. उलट बाजूला, एखादं सबमॉड्यूल K फायनाइटली जनरेटेड नसेल तर त्यातून एक एलिमेंट उचला, त्याने सगळं K होत नाही म्हणून बाहेरचा दुसरा उचला, दोघांनी पण होत नाही म्हणून तिसरा, असं करत कधीच न थांबणारी चेन मिळते.

पेपरमध्ये यातली एक पहिल्या ओळीत लिहा आणि शेवटपर्यंत तीच वापरा. अर्ध्यात बदलली की गोंधळ होतो, आणि तपासणाऱ्यालाही कळत नाही की तुम्ही काय धरलंय आणि काय सिद्ध करताय.

सबमॉड्यूलचा भाग

हा खरं तर इतका सोपा आहे की लोकांना वाटतं काहीतरी सुटलं असणार, आणि मग ते उगाच जनरेटर वगैरे आणून तो बिघडवतात. N हे M चं सबमॉड्यूल. N मधली वाढती चेन घ्या, K1 ⊆ K2 ⊆ ... प्रत्येक Ki हे N चं सबमॉड्यूल आहे, म्हणून M चंही सबमॉड्यूल आहे. म्हणजे हीच चेन M मधली चेन झाली. M नोथेरियन, चेन थांबली. संपलं.

दुसऱ्या व्याख्येने पण तेवढंच: N चं कुठलंही सबमॉड्यूल K हे M चंही सबमॉड्यूल, म्हणून फायनाइटली जनरेटेड. इथे M चे जनरेटर कुठेच आले नाहीत हे बघा. ते यायलाच नको, कारण N चे जनरेटर M च्या जनरेटरमधून काढता येत नाहीत आणि त्यांची संख्याही M वरून ठरत नाही. व्हेक्टर स्पेसची सवय असल्यामुळे इथे अजून एक चूक फार होते, ती म्हणजे "M ला n जनरेटर आहेत तर N ला n किंवा त्याहून कमी लागतील". k[x, y] घ्या, तिच्यावर स्वतःला मॉड्यूल म्हणून बघा, एक जनरेटर. त्यातलं (x, y) हे आयडियल दोन जनरेटरशिवाय होत नाही. त्याचा वर्ग (x², xy, y²) याला तीन लागतात. n व्या घाताला n+1 लागतात, कारण डिग्री n चे मोनोमियल xⁿ, xⁿ⁻¹y, ..., yⁿ एवढे आहेत, त्या आयडियलमध्ये n पेक्षा कमी डिग्रीचं काहीच नाही आणि डिग्री n चा भाग बघितला तर तो k वरची n+1 डायमेन्शनची व्हेक्टर स्पेस आहे. म्हणजे जनरेटरची संख्या हवी तेवढी वाढवता येते, फक्त प्रत्येक वेळी फायनाइट राहते. नोथेरियन असणं "फायनाइट" एवढंच सांगतं, "किती" ते सांगत नाही. Z किंवा k[x] सारख्या प्रिन्सिपल आयडियल डोमेनवरच्या फ्री मॉड्यूलला मात्र "n किंवा कमी" हे खरं आहे, आणि पुन्हा तिथल्याच उदाहरणांवर आपला हात बसलेला असतो म्हणून हे होतं.

सबमॉड्यूल म्हणजे त्याच रिंगवरचं

इथे एक वेगळाच प्रश्न पण येऊन आदळतो: "नोथेरियनचं सब नोथेरियन, मग नोथेरियन रिंगची सबरिंग पण नोथेरियन ना?" नाही. वरची k[x1, x2, ...] ही एका फील्डच्या आत बसते, तिच्याच फ्रॅक्शन फील्डच्या, आणि फील्ड तर नोथेरियन असतेच. k[x, y] सारख्या साध्या रिंगच्या आतही असं होतं. S म्हणजे x, xy, xy², xy³, ... यांनी आणि k ने मिळून झालेली सबरिंग. S मध्ये (x), (x, xy), (x, xy, xy²), ... ही आयडियलची चेन कधीच थांबत नाही, कारण xyⁿ⁺¹ हे आधीच्यांपासून बनवायला y ने गुणावं लागेल आणि एकटा y हा S मध्ये नाहीच. S मधल्या प्रत्येक एलिमेंटमध्ये कॉन्स्टंट टर्म सोडली तर बाकी सगळीकडे x येतोच, त्यामुळे गुणल्यावर x ची डिग्री एकच ठेवायची असेल तर फक्त कॉन्स्टंटने गुणता येतं, आणि कॉन्स्टंटने गुणून y चा घात वाढत नाही.

मग आपल्या प्रमेयाचं काय झालं? काहीच नाही. S ही k[x, y] ची सबमॉड्यूल नाही, म्हणजे k[x, y] वरची सबमॉड्यूल नाही, कारण S मधल्या x ला k[x, y] मधल्या कशानेही गुणलं तर ठीक पण 1 ला y ने गुणलं की बाहेर पडतो. S वरचं मॉड्यूल म्हणून k[x, y] कडे बघितलं तर S तिचं सबमॉड्यूल आहे खरं, पण मग k[x, y] हे S वर नोथेरियनच उरत नाही. तसंच Q चं. Q हे Q वर नोथेरियन आहे, एकाच डायमेन्शनची व्हेक्टर स्पेस, पण Z वर नाही. म्हणून "M नोथेरियन आहे" हे वाक्य कुठल्या रिंगवर ते सांगितल्याशिवाय अर्धवट आहे. कुठे अडलात तर आधी हे तपासा की चेनमधले सगळे तुकडे एकाच रिंगवरचे सबमॉड्यूल आहेत का.

कोशंटचा भाग

इथे थोडं काम आहे आणि बहुतेकांचं इथेच दिशेचं गणित चुकतं. π: M → M/N हा नेहमीचा मॅप घ्या, m ला त्याच्या कोसेटवर नेणारा. M/N मध्ये चेन घ्या L1 ⊆ L2 ⊆ ... आता M मधून खाली ढकलायचं नाही, M/N मधून वर ओढायचं. Ki = π⁻¹(Li) ठेवा. प्रत्येक Ki हे M चं सबमॉड्यूल आहे, प्रत्येकात N आहे कारण प्रत्येक Li मध्ये शून्य आहे, आणि Ki ची पण वाढती चेनच होते. M नोथेरियन, म्हणून एका n नंतर Ki सगळे सारखे. शेवटची पायरी, जी निम्म्या उत्तरांत गायब असते: π सर्जेक्टिव्ह आहे म्हणून π(π⁻¹(Li)) = Li, तर Ki सारखे झाले की Li पण सारखे झाले. ही ओळ लिहिली नाही तर तुम्ही वरच्या चेनबद्दल सिद्ध केलंत, खालच्या चेनबद्दल नाही.

दुसऱ्या व्याख्येने हवं असेल तर L हे M/N चं कुठलंही सबमॉड्यूल घ्या, K = π⁻¹(L) ला जनरेटर घ्या k1, ..., kr, तर π(k1), ..., π(kr) हे L ला जनरेट करतात, झालं. लक्षात ठेवा, M चे जनरेटर खाली ढकलले तर फक्त M/N स्वतः फायनाइटली जनरेटेड मिळतं, त्याच्या आतल्या L बद्दल काहीच कळत नाही. "कोशंट तर जनरेटरच्या इमेजनी जनरेट होतं म्हणून नोथेरियन" असं लिहिणारे म्हणजे पहिल्याच चुकीचा दुसरा अवतार.

दिशा का महत्त्वाची ते छोट्या आकड्यांवर बघा. M = Z, N = 12Z. M/N ची सबमॉड्यूल ही Z च्या त्या सबमॉड्यूलशी जोडलेली आहेत ज्यांच्यात 12Z बसतं, म्हणजे Z, 2Z, 3Z, 4Z, 6Z, 12Z, एकूण सहा. आता 5Z घ्या आणि खाली ढकला. 5 आणि 12 मध्ये सामाईक काही नाही म्हणून 5Z ची इमेज अख्खं Z/12Z होते. परत वर ओढली तर 5Z नाही मिळत, Z मिळतं. नेमकं सांगायचं तर π⁻¹(π(K)) = K + N, आणि ते K एवढं तेव्हाच होतं जेव्हा N हे K च्या आत असतं. म्हणून "L = K/N" असं लिहिलंत की शेजारी लिहाच, N ⊆ K. नाही लिहिलं तर K/N ला अर्थच नाही. 5Z/12Z असं काही नसतं कारण 12 हा 5Z मध्ये नाही.

उलट्या दिशेला सगळ्यात जास्त वेळ जातो

पूर्ण विधान असं आहे: N आणि M/N दोन्ही नोथेरियन असतील तरच, आणि असतील तर नक्की, M नोथेरियन. वर झालं ते सोपं अर्धं. दुसऱ्या अर्ध्याचं नेहमीचं प्रूफ असं: M मधली चेन K1 ⊆ K2 ⊆ ... घ्या. Ki ∩ N ही N मधली चेन, थांबते. (Ki + N)/N ही M/N मधली चेन, ती पण थांबते. दोन्ही थांबल्या त्यातला नंतरचा n घ्या. आता i ≥ n साठी Ki ∩ N आणि Ki + N दोन्ही बदलत नाहीत, म्हणून Ki पण बदलत नाही.

हे शेवटचं "म्हणून" कुठून आलं? इथे बहुतेक जण असं लिहितात की "इंटरसेक्शन सारखं, बेरीज सारखी, तर सबमॉड्यूल सारखंच". हे सरळ खोटं आहे. k² मध्ये N म्हणजे x-अक्ष, A म्हणजे y-अक्ष, B म्हणजे y = x ही रेषा. A ∩ N = 0 = B ∩ N. A + N = k² = B + N. आणि A, B वेगळ्या आहेत, कागदावर काढून बघा. मग चेनच्या बाबतीत का चालतं? कारण चेनमध्ये A ⊆ B आहे. ते असेल तर असं: b हा B मधला घ्या. B + N = A + N म्हणून b = a + n, a हा A मधला, n हा N मधला. मग n = b − a. a हा A मधला आणि A ⊆ B म्हणून a हा B मधला पण आहे, म्हणून n हा B मध्ये आहे आणि N मध्येही, म्हणजे B ∩ N मध्ये, जे A ∩ N एवढंच आहे. तर n हा A मधला, आणि b = a + n हा पण A मधला. A ⊆ B ही गोष्ट नेमकी एकाच जागी वापरली, "a हा B मधला पण" इथे. रेषांच्या उदाहरणात तीच जागा तुटते. प्रूफ वाचताना ती ओळ सापडत नसेल तर ते प्रूफ अर्धवट आहे असं समजा, मग ते कुठल्याही नोट्समधलं असो.

जनरेटरच्या भाषेत हेच केलं तर एक वेगळीच खोड निघते. K हे M चं सबमॉड्यूल. K ∩ N ला जनरेटर u1, ..., us. M/N मधल्या K च्या इमेजला जनरेटर v1, ..., vt, आणि त्यांना वर आणायचं. वर आणताना कुठून उचलायचं? K मधून. लोक M मधून कुठलाही प्रीइमेज उचलतात आणि मग उत्तर येत नाही.

आकडे घेऊन करू. M = Z², N = Z × 0 म्हणजे दुसरा घटक शून्य असलेले, आणि K म्हणजे असे (a, b) की 2a + b ला 6 ने भाग जातो. M/N हे Z सारखंच आहे, (a, b) ला b वर नेलं की झालं.

K ∩ N: b = 0, तर 2a ला 6 ने भाग जायला हवा, म्हणजे a ला 3 ने. जनरेटर (3, 0).

K ची इमेज: कुठले b येऊ शकतात? 2a + b सम असायला हवं म्हणून b सम. आणि b = 2 येतो का? 2a + 2 ला 6 ने भाग जायला a = 2 चालतो, 4 + 2 = 6. तर इमेज 2Z, जनरेटर 2, आणि K मधून उचललेला प्रीइमेज (2, 2).

आता दावा असा की (3, 0) आणि (2, 2) पुरतात. K मधलं एखादं एलिमेंट घ्या, (1, 4), 2 + 4 = 6 म्हणून ते K मध्ये आहे. b = 4 म्हणजे 2 च्या दुप्पट, म्हणून 2·(2, 2) = (4, 4) वजा करा, उरलं (−3, 0), जे −1·(3, 0). बसलं. सगळ्यांसाठी हेच चालतं: b/2 पट (2, 2) वजा केलं की दुसरा घटक शून्य होतो, उरलेलं K मध्येच राहतं कारण (2, 2) K मधलं आहे, म्हणून ते K ∩ N मध्ये जातं.

आता समजा कुणी 2 चा प्रीइमेज म्हणून (0, 2) उचलला, कारण तो सगळ्यात आधी सुचतो. 2·0 + 2 = 2, 6 ने भाग जात नाही, म्हणजे (0, 2) K मध्येच नाही. (1, 4) मधून 2·(0, 2) वजा केलं तर (1, 0) उरतं, आणि 1 हा 3 च्या पटीत नाही. गाडी अडली. "उरलेलं K मध्येच राहतं" ही ओळ मोडली. अशा वेळी लोक सगळं खोडून पहिल्यापासून सुरू करतात, पण फक्त प्रीइमेज K मधला आहे का एवढं बघायचं होतं. वर आणखी एक पडताळणी हवी असेल तर डिटरमिनंट घ्या: (3, 0) आणि (2, 2) यांचा 6 येतो, आणि (a, b) ला 2a + b वर मॉड्यूलो 6 नेणारा मॅप सर्जेक्टिव्ह आहे म्हणून K चा इंडेक्स पण 6. जुळलं. जनरेटर K मधले असूनही डिटरमिनंट 12 आला असता तर समजायचं ते कमी पडतायत.

हेच n वेळा केलं, R² मध्ये R आणि कोशंट R, R³ मध्ये R² आणि कोशंट R, असं, की नोथेरियन R साठी Rⁿ नोथेरियन मिळतं, आणि कुठलंही फायनाइटली जनरेटेड मॉड्यूल हे कुठल्या तरी Rⁿ चं कोशंट असतं म्हणून तेही नोथेरियन. म्हणजे सुरुवातीला ज्या वाक्यावर आपण आंधळेपणाने विसंबलो होतो ते इथे येऊन खरं होतं, R नोथेरियन आहे या अटीवर, आणि कोशंटचा भाग आधी सिद्ध केल्यावरच.

अजून दोन ठिकाणं जिथे उत्तर चुकतं

एक, "N नोथेरियन आहे, तर M नोथेरियन". Z[1/2] घ्या, म्हणजे ज्यांच्या छेदात फक्त 2 चे घात आहेत असे अपूर्णांक, Z वरचं मॉड्यूल म्हणून. त्यात N = Z नोथेरियन आहे. पण Z ⊂ (1/2)Z ⊂ (1/4)Z ⊂ ... कधीच थांबत नाही. कारण कोशंटमध्ये आहे, Z[1/2]/Z नोथेरियन नाही. एक बाजू तपासून थांबू नका, दोन्ही लागतात.

दोन, आणि हा खरं-खोटं मध्ये हमखास फसवतो: "M सोडून M ची बाकी सगळी सबमॉड्यूल नोथेरियन असतील तर M पण नोथेरियन". तेच Z[1/2]/Z घ्या. त्याच्या आतलं स्वतःहून लहान असलेलं प्रत्येक सबमॉड्यूल फायनाइट आहे, कारण त्यात 1/2ⁿ चे कोसेट हवे तेवढ्या मोठ्या n चे असतील तर ते अख्खंच होतं, आणि नसतील तर एका n पाशी अडकतं आणि 2ⁿ एलिमेंटचा सायक्लिक ग्रुप उरतो. फायनाइट म्हणजे नोथेरियनच. तरी हे सगळे एकात एक बसून चेन करतात, 2, 4, 8, 16 अशी, आणि ती थांबत नाही. विधान खोटं. नोथेरियनची दुसरी व्याख्या लिहिताना "स्वतः M धरून" हे मी वर मुद्दाम घातलं होतं ते यासाठीच.